आउटरप्लॅनर ग्राफ: 2n − 3 आणि तीन रंग, सारखे सारखे येणारे प्रश्न

जळगाव-धुळ्याकडची एम.एस्सी.ची पोरं, दोन-चार प्रोग्रामिंगवाले आणि एक-दोन नुसते हौशी लोक हेच प्रश्न आलटून पालटून पाठवतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकलं. उदाहरण सगळीकडे एकच वापरलंय, त्यामुळे शक्यतो वरून खाली वाचा. मधूनच घुसलात तर कुठला प्रश्न आधी बघायचा ते तिथे सांगितलंय.

१. आउटरप्लॅनर म्हणजे नक्की काय? प्लॅनरच आहे ना ते?

प्लॅनर तर आहेच, पण अट जास्त कडक आहे. प्लॅनर म्हणजे ग्राफ कागदावर असा काढता आला पाहिजे की एज एकमेकींना कापत नाहीत. आउटरप्लॅनरमध्ये त्याच्यावर आणखी एक अट येते: प्रत्येक बिंदू बाहेरच्या मोकळ्या जागेला लागून असला पाहिजे, म्हणजे कुठलाही बिंदू चारी बाजूंनी एजनी घेरलेला नको.

याचं सगळ्यात कामाचं चित्र असं. सगळे बिंदू एका गोलावर मांडा आणि सगळ्या एज गोलाच्या आतून सरळ रेघेत काढा. बिंदूंचा क्रम नीट लावल्यावर एकही रेघ दुसरीला कापत नसेल तर ग्राफ आउटरप्लॅनर. क्रम कसा लावायचा? मूळ चित्राच्या बाहेरच्या कडेने चक्कर मारायची आणि बिंदू ज्या क्रमाने पहिल्यांदा भेटतील तसे गोलावर टाकायचे. झाड असेल तर एकच बिंदू दोन-तीनदा भेटतो, तिथे फक्त पहिली भेट धरायची. पुढचे सगळे पुरावे या गोलाच्या चित्रावर चालतात.

२. माझ्या चित्रात एक बिंदू आत अडकलेला दिसतोय, म्हणजे ग्राफ बाद का?

नाही, लगेच बाद करू नका. आउटरप्लॅनर असणं हा ग्राफचा गुण आहे, तुम्ही काढलेल्या चित्राचा नाही. एक त्रिकोण घ्या A, B, C, त्याच्या आत D ठेवा आणि D फक्त A आणि B ला जोडा. चित्रात D आत कोंडलेला दिसतो, पण त्याला AB रेघेच्या पलीकडे बाहेर ओढला की चारही बिंदू बाहेर येतात आणि काही कापाकापी होत नाही. D जर C लाही जोडला तर मात्र चार बिंदू सगळे एकमेकांना जोडलेले असा K4 होतो, आणि तो कसाही काढला तरी एक बिंदू आत राहतोच.

३. जास्तीत जास्त एज किती? ते 2n − 3 येतं कुठून?

n बिंदू असतील (n कमीत कमी २) तर जास्तीत जास्त 2n − 3 एज. नुसत्या प्लॅनर ग्राफला 3n − 6 पर्यंत मुभा असते, म्हणजे ७ बिंदूंना प्लॅनरमध्ये १५ एज चालतात, आउटरप्लॅनरमध्ये ११ वरच गाडी थांबते.

आता उदाहरण लावून घेऊ. आपल्याकडची सात गावं गोलात मांडा: जळगाव, भुसावळ, यावल, चोपडा, अमळनेर, पारोळा, एरंडोल आणि परत जळगाव. नकाशावरही हा फेरा साधारण असाच पडतो, पण एज म्हणजे खरे रस्ते असं समजू नका, नावं फक्त लक्षात राहायला सोपी म्हणून घेतलीत, नाहीतर कोणीतरी लिहील की भाऊ हा रस्ता तर असा जातच नाही.

गोलाच्या कडेच्या ७ एज झाल्या. आता आत कर्ण टाका, एकमेकांना न कापता: जळगाव–यावल, जळगाव–चोपडा, चोपडा–एरंडोल, अमळनेर–एरंडोल. चार झाले. पाचवा टाकून बघा, कुठूनही टाकला तरी यांच्यातल्या एकाला तरी कापतोच, कारण आतल्या जागेचे आता पाच त्रिकोण झालेत आणि त्रिकोणात कर्ण टाकायला जागाच नसते. ७ अधिक ४ म्हणजे ११, आणि 2·7 − 3 पण ११.

कुठलेही चार कर्ण घेतले तरी हेच का, असं विचारलं तर मोजून बघा. आत k त्रिकोण आहेत असं धरा. त्यांच्या बाजू मोजल्या तर 3k. यात कडेची प्रत्येक एज एकदा मोजली गेली आणि प्रत्येक कर्ण दोनदा, कारण त्याच्या दोन्ही बाजूंना त्रिकोण आहे. कर्ण d असतील तर 3k = n + 2d. शिवाय प्रत्येक नवा कर्ण एका तुकड्याचे दोन करतो, म्हणून k = d + 1. दोन्ही एकत्र सोडवा, d = n − 3 येतं, आणि कडेच्या n मिळवल्या की 2n − 3. आपल्या उदाहरणात 3·5 = 15 आणि 7 + 2·4 पण 15, हिशोब जुळला.

आत सगळे त्रिकोण नसतील, एखादा चौकोन-पंचकोन राहिला असेल, तर अजून कर्ण टाकायला जागा आहे म्हणजे एज कमीच आहेत. कडेची एखादी एज नसेल तरी तेच. म्हणून 2n − 3 ही वरची मर्यादा झाली.

४. पुस्तकात म्हणतात "डिग्री २ किंवा कमी असलेला बिंदू असतोच". हे मान्यच करायचं का?

मान्य नका करू, पुरावा चार ओळींचा आहे आणि पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे, त्यामुळे इथे थोडं थांबा.

सगळे बिंदू गोलावर आहेत. कर्ण एकही नसेल तर प्रत्येक बिंदूला फार तर दोन्हीकडचे शेजारी, म्हणजे डिग्री २ च्या आतच, विषय संपला. कर्ण असतील तर प्रत्येक कर्ण आपल्या एका बाजूला काही बिंदू ओलांडून जातो. सगळ्यात कमी बिंदू ओलांडणारा कर्ण पकडा. त्याने ओलांडलेला एखादा बिंदू घ्या, एक तरी असतोच, नाहीतर तो कर्ण नसून कडेची एज असती. या बिंदूला स्वतःचा कर्ण असू शकतो का? असला तर तो पकडलेल्या कर्णाला कापू शकत नाही, म्हणजे त्याच बाजूला राहणार, आणि मग तो अजून कमी बिंदू ओलांडणार. पण सगळ्यात कमी ओलांडणारा तर आपण आधीच पकडलाय! म्हणजे या बिंदूला एकही कर्ण नाही, फार तर दोन शेजारी.

आपल्या उदाहरणात जळगाव–यावल हा कर्ण फक्त भुसावळ ओलांडतो, आणि भुसावळची डिग्री बरोबर २ आहे. दुसरीकडे अमळनेर–एरंडोल फक्त पारोळा ओलांडतो, त्याचीही २.

याच्यातून 2n − 3 परत फुकटात मिळतं बघा. डिग्री २ चा बिंदू काढला की फार तर २ एज जातात, उरलेला ग्राफ परत आउटरप्लॅनरच राहतो, परत काढा, करत करत दोन बिंदू उरतात आणि त्यांच्यात फार तर १ एज. म्हणजे एकूण जास्तीत जास्त 2(n − 2) + 1.

५. मग तीन रंग का पुरतात?

नियम माहीत असेलच: एजने जोडलेल्या दोन बिंदूंना एकच रंग चालत नाही.

प्रश्न ४ मधलं काढत जाणं आता उलटं चालवायचं. आपल्या ग्राफमधून आधी भुसावळ काढा. आता यावलला जळगाव आणि चोपडा एवढेच उरले, यावल काढा. मग जळगावला चोपडा आणि एरंडोल उरले, जळगाव काढा. मग चोपड्याला अमळनेर आणि एरंडोल, चोपडा काढा. शेवटी पारोळा काढा, उरले अमळनेर आणि एरंडोल.

आता परत घालत या. अमळनेर लाल, एरंडोल पिवळा. पारोळा दोघांनाही लागून, म्हणून हिरवा. चोपडा पण याच दोघांना लागून, तोही हिरवा (चोपडा आणि पारोळा एकमेकांना जोडलेले नाहीत, त्यामुळे चालतं). जळगाव आला तेव्हा समोर चोपडा हिरवा आणि एरंडोल पिवळा, म्हणून जळगाव लाल. यावलसमोर चोपडा हिरवा, जळगाव लाल, म्हणून यावल पिवळा. भुसावळसमोर जळगाव लाल, यावल पिवळा, म्हणून भुसावळ हिरवा. झालं.

खुबी एवढीच की बिंदू परत येतो तेव्हा त्याला आधीच रंगवलेले शेजारी फार तर दोनच असतात, ते दोन रंग अडवतात आणि तिसरा मोकळा राहतो. नंतर आणखी शेजारी येतील, पण ते आपापला रंग याला बघून घेतील. म्हणून ७ बिंदू असोत की ७ लाख, चौथ्या रंगाची गरज पडत नाही.

सगळे तुकडे त्रिकोण असतील तर आणखी एक गंमत आहे: पहिल्या दोन बिंदूंचे रंग ठरले की पुढे कुठेच निवड उरत नाही. म्हणजे रंगांची नावं अदलाबदल सोडली तर रंगवणी एकच. एखादा कर्ण कमी असेल तर मात्र मोकळीक मिळते.

६. भाऊ, मी तुमचाच ग्राफ रंगवायला घेतला, प्रत्येकाला मोकळा असलेला पहिला रंग दिला, तरी चौथा लागला! हे कसं?

क्रम चुकला. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि प्रोग्राम लिहिणारे हमखास इथे आपटतात.

करून बघा. रंगांचा क्रम लाल, पिवळा, हिरवा. आधी यावल: लाल. मग जळगाव, यावलला लागून: पिवळा. मग अमळनेर, याचे शेजारी अजून कोणी रंगवलेले नाहीत: लाल. मग एरंडोल, जळगाव पिवळा आणि अमळनेर लाल: हिरवा. आता चोपडा घ्या. यावल लाल, जळगाव पिवळा, एरंडोल हिरवा, अमळनेर पण लाल. तिन्ही रंग अडले, चोपडा लटकला.

कुठल्याही एका पायरीवर नियम मोडलेला नाही, तरी अडकलो, कारण चोपड्याची वेळ आली तेव्हा त्याचे चारही शेजारी रंगवून झाले होते. "तीन रंग पुरतात" याचा अर्थ तीन रंगांत बसणारी रंगवणी आहे एवढाच, डोळे झाकून कसंही रंगवलं तरी बसेल असा नाही. क्रम प्रश्न ५ सारखा काढणीच्या उलट घेतलात तर कधीच अडणार नाही.

७. ऑयलरचं सूत्र किंवा फोर कलर थिअरम वापरून नाही होत का?

होतं, आणि एक युक्ती दोन्हीकडे चालते. आउटरप्लॅनर ग्राफच्या बाहेर मोकळ्या जागेत एक नवा बिंदू ठेवा आणि तो सगळ्या बिंदूंना जोडा. सगळे बाहेरच्या जागेला लागूनच असल्यामुळे या n नव्या एज कोणाला कापत नाहीत, नवा ग्राफ प्लॅनर राहतो.

आता या n + 1 बिंदूंच्या प्लॅनर ग्राफला ऑयलरच्या सूत्रातून आलेली मर्यादा लावा: 3(n + 1) − 6 एज. त्यातून नव्या n वजा करा, उरतात 2n − 3. मला स्वतःला हा पुरावा सगळ्यात आवडतो.

रंगांचंही तसंच. प्लॅनर ग्राफला चार रंग पुरतात, नव्या बिंदूने एक रंग एकट्यासाठी अडवला कारण तो सगळ्यांना जोडलाय, बाकीच्यांना तीन उरले. पण फोर कलर थिअरम १९७६ मध्ये अॅपल आणि हाकेन यांनी कॉम्प्युटरकडून शेकडो केसेस तपासून घेऊन सिद्ध केलं, आणि आपलं काम प्रश्न ५ मध्ये सात ओळींत झालंय. परीक्षेत हे लिहिलंत तर चूक नाही, पण तपासणारा हसेल.

८. दोन रंगांत कधी भागतं?

ग्राफमध्ये विषम लांबीचं चक्र नसेल तेव्हाच. आपल्या सात गावांचे चारही कर्ण काढून टाकले तरी कडेचं चक्र सातचं, विषम, म्हणून तीन रंग लागतातच. त्रिकोण नाही म्हणजे दोन रंग पुरतील असं समजणारे इथे फसतात.

दोन रंगांत बसणाऱ्या आउटरप्लॅनर ग्राफला एज पण कमी मिळतात, (3n − 4)/2 च्या आत, कारण आतला प्रत्येक तुकडा कमीत कमी चौकोन असावा लागतो. पुरावा प्रश्न ३ सारखाच मोजायचा, 3k च्या जागी 4k घेऊन.

९. एज 2n − 3 च्या आत आहेत, रंग पण तीनच लागतात, म्हणजे ग्राफ आउटरप्लॅनर झाला ना?

नाही! उलट दिशेने दोन्ही गोष्टी चालत नाहीत.

गोलाच्या मध्ये धरणगाव ठेवा, नकाशावर ते तसंही या फेऱ्याच्या आतच येतं. कर्ण सगळे काढून टाका, फक्त कडेच्या ७ एज ठेवा, आणि धरणगाव फक्त जळगाव आणि अमळनेरला जोडा. बिंदू ८, एज ९, मर्यादा 2·8 − 3 म्हणजे १३, बरंच खाली आहोत. रंगही तीनात बसतात. तरी हा ग्राफ आउटरप्लॅनर नाही. जळगावहून अमळनेरला जायच्या तीन वेगळ्या वाटा झाल्या: एक धरणगाववरून, एक एरंडोल-पारोळ्यावरून, एक भुसावळ-यावल-चोपड्यावरून. प्रत्येक वाटेवर मध्ये एक तरी गाव आहे. तीन वाटा कशाही काढल्या तरी एक बाकीच्या दोघींच्या मध्ये सापडते आणि तिच्यावरची गावं आत कोंडली जातात. याला K2,3 चा सांगाडा म्हणतात.

धरणगाव जळगाव आणि एरंडोलला जोडलं असतं तर? ते दोघं लागून आहेत, त्यामुळे प्रश्न २ सारखं बाहेर ओढता येतं, ग्राफ ठीक. कुठल्याही तिघांना जोडलं तर K4 चा सांगाडा तयार होतो, बाद. आणि सातही जणांना जोडलं तर एज होतात १४, १३ च्या वर, म्हणजे नुसतं मोजूनच पकडला जातो, शिवाय कडेला तीन रंग लागलेत म्हणून धरणगावला चौथा लागतो.

१९६७ मध्ये चार्ट्रँड आणि हरारी यांनी दाखवलं की अडचण कायम या दोनच गोष्टींची असते. ग्राफमधल्या एज खोडून, बिंदू खोडून किंवा एज आक्रसून K4 किंवा K2,3 मिळत नसेल, तर तो आउटरप्लॅनर आहेच.

१०. n = 1 ला 2n − 3 म्हणजे उणे १ येतं की! आणि ग्राफ तुटका असला तर?

म्हणूनच n ≥ 2 लिहितात. एकट्या बिंदूला एज शून्य. तुटक्या ग्राफला रंगाचं काही बिघडत नाही, प्रत्येक तुकडा वेगळा रंगवा. दोन बिंदूंमध्ये दोन-दोन एज चालत असतील तर मोजणीला अर्थच उरत नाही, कितीही टाका. आणि बिंदू स्वतःलाच जोडलेला असेल तर रंगवताच येत नाही.

११. पाचशे बिंदूंचा ग्राफ आहे, हाताने कुठे काढत बसू?

प्रश्न ७ ची युक्ती उलटही खरी आहे: नवा बिंदू सगळ्यांना जोडल्यावर ग्राफ प्लॅनर राहिला, तर मूळ ग्राफ आउटरप्लॅनर. प्लॅनर आहे का ते तपासणारं तयार मिळतं:

```python
import networkx as nx

def outerplanar(G):
    H = G.copy()
    H.add_edges_from(("hub", v) for v in G)
    return nx.check_planarity(H)[0]
```

`"hub"` नावाचा बिंदू आधीपासून तुमच्या ग्राफमध्ये नाही एवढं बघा. डिग्री २ चे बिंदू काढत जायचे आणि सगळे निघाले तर आउटरप्लॅनर, अशी तपासणी काही जण करतात, ती चूक आहे. प्रश्न ९ मधला धरणगाववाला ग्राफ पण असाच पूर्ण निघून जातो. म्हणजे तीन रंगांची खात्री झाली, पण आउटरप्लॅनर असल्याची नाही.

१२. याचा उपयोग काय?

एक सांगतो, कॅमेऱ्यांचा. कापसाचं गोडाऊन आहे, भिंती सरळ पण आकार वेडावाकडा, n कोपरे. सगळी जागा दिसायला किती कॅमेरे लागतील? हा प्रश्न १९७३ मध्ये व्हिक्टर क्ली यांनी कलादालनाच्या रूपात विचारला, १९७५ मध्ये क्वाताल यांनी उत्तर दिलं: n ला ३ ने भागून येणारा पूर्णांक कायम पुरतो. १९७८ मध्ये स्टीव्ह फिस्क यांनी तेच तीन रंगांनी दाखवलं. नकाशात कर्ण टाकून त्रिकोण पाडा, कोपरे तीन रंगांत रंगवा. प्रत्येक त्रिकोणाला तिन्ही रंग मिळतात, म्हणून कुठल्याही एका रंगाच्या कोपऱ्यांवर कॅमेरे लावले की प्रत्येक त्रिकोण दिसतो. सगळ्यात कमी वापरलेला रंग घ्या.

आपल्या उदाहरणात लाल फक्त जळगाव आणि अमळनेर. सात कोपऱ्यांना दोन कॅमेरे, आणि पाचही त्रिकोण तपासून बघा, प्रत्येकात या दोघांपैकी एक आहेच.

गोडाऊनच्या मध्ये जाड खांब असेल तर मात्र हे जसंच्या तसं लावू नका. खांबाचे कोपरे आत कोंडलेले असतात, त्रिकोण पाडल्यावर ग्राफ आउटरप्लॅनर राहत नाही आणि चौथा रंग लागू शकतो. तिथे खांब h असतील आणि n मध्ये त्यांचे कोपरेही धरले असतील, तर (n + h) ला ३ ने भागून येणारा पूर्णांक पुरतो, पण त्यात काही कॅमेरे कोपऱ्यात न बसवता मध्येच कुठेतरी लटकवायची मुभा धरलेली आहे.